विश्लेषण : माळढोक टिकण्यासाठी किमान किती पक्षी हवेत? एका मृत्यूने हे गणित कसे बदलते?

गुजरातमधील कच्छच्या अबडासा तालुक्यातील गवताळ माळांवर आज मोजके माळढोक उरले आहेत. ते जेमतेम चार-पाच असून त्या सर्व माद्या आहेत. २०१८च्या सुमारास तेथील शेवटचा नर दिसेनासा झाला. त्यानंतर या माद्या दरवर्षी जगत राहिल्या, तरी तेथे नैसर्गिकरीत्या नवे पिल्लू जन्माला येण्याची वाटच बंद झाली. पक्षी जिवंत आहेत, पण समूह म्हणून ते संपले आहेत.

हे कसे झाले, याचे एक उत्तर सर्वांना माहीत आहे. माळराने घटली, शेती व पवनचक्क्या वाढल्या, विजेच्या तारा आल्या. पण नेमके नरच आधी का संपले? याचे उत्तर शोधताना शास्त्रज्ञ एका वेगळ्याच गोष्टीकडे बोट दाखवतात आणि ती म्हणजे योगायोग. मोठ्या समूहात योगायोगाला किंमत नसते. लहान समूहात मात्र तो निर्णायक ठरू शकतो. किती लहान म्हणजे धोकादायक, हे मोजण्याच्या पद्धतीला ‘पॉप्युलेशन व्हायेबिलिटी अ‍ॅनालिसिस’ किंवा ‘पीव्हीए’ म्हणतात. एखादा समूह ठरावीक काळ तगून राहण्याची शक्यता किती, याचा तो हिशेब असतो.

माळढोकची स्थिती काय?

माळढोक हा उडू शकणाऱ्या सर्वाधिक वजनाच्या पक्ष्यांपैकी एक आहे. २०११ पासून तो आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ या गटात आहे. राजस्थानचा तो राज्यपक्षी आहे आणि उरलेले बहुतेक माळढोक राजस्थानातच, जैसलमेरच्या आसपास थरच्या वाळवंटात आहेत. भारतीय वन्यजीव संस्थेच्या २०१७-१८च्या पाहणीत थरमधील संख्या सुमारे १२८ असल्याचा अंदाज निघाला. त्यात १९ इतकी कमी-जास्त होण्याची शक्यता गृहीत होती.

महाराष्ट्रात सोलापूरजवळचे नान्नज या पक्ष्यासाठी ओळखले जाते. १९७९ मध्ये सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांतील मोठा प्रदेश माळढोक अभयारण्य म्हणून घोषित झाला. आज नान्नजला एखादा माळढोक दिसला तरी त्याची बातमी होते. म्हणजे थर, कच्छ आणि सोलापूर ही एकाच प्रवासाची तीन स्थानके आहेत.

मादी साधारणपणे एका विणीत एकच अंडे घालते आणि तेही उघड्या जमिनीवर. कुत्री, कोल्हे, मुंगूस, कावळे आणि गुरांचे खूर यातून बरीच अंडी वाचत नाहीत. पिल्लू वाढून स्वतः वीण करायला काही वर्षे जातात. कमी पिल्ले, पण मोठे झाल्यावर दीर्घ आयुष्य, अशी या पक्ष्याच्या जीवनाची घडी आहे. पुढचे सगळे गणित या घडीवर उभे आहे.

योगायोग नेमका काय करतो?

समजा, एका प्रौढ माळढोकाची वर्षभर जगण्याची शक्यता ९० टक्के आहे. हजार पक्षी असतील तर वर्षअखेर साधारण ९०० उरतील. कधी ८९०, कधी ९१०, पण फार फरक पडणार नाही. एका वर्षात ३०० पक्षी केवळ नशिबाने मेले, असे व्यवहारात कधीच घडणार नाही.

आता पक्षी फक्त १० आहेत असे धरू. जगण्याची शक्यता तीच, ९० टक्के. सरासरी सांगते की नऊ उरतील. प्रत्यक्षात दहाच्या दहा वाचण्याची शक्यता ३५ टक्के आहे. आणि तीन किंवा त्याहून अधिक पक्षी मरण्याची शक्यता सात टक्के. म्हणजे साधारण चौदा वर्षांतून एकदा या समूहाचा जवळपास तिसरा हिस्सा नाहीसा होईल. त्या वर्षी दुष्काळ नसेल, रोग नसेल, शिकारही वाढलेली नसेल. नाणेफेकीत सलग तीन वेळा काटा पडावा, तसे हे आहे.

नर-मादीच्या प्रमाणाचेही तसेच. चार पक्षी उरले असतील आणि प्रत्येक पक्षी नर की मादी हे नाणेफेकीसारखे मानले, तर चारही एकाच लिंगाचे असण्याची शक्यता आठात एक आहे. वीस पक्ष्यांत हीच शक्यता पाच लाखांत एक इतकी खाली जाते. कच्छमध्ये फक्त माद्या उरण्यामागे आणखीही कारणे असू शकतील. पण चार-पाचपर्यंत घसरलेल्या समूहात असे घडायला वेगळे कारण लागतच नाही.

जन्म, मृत्यू आणि लिंग यांतील या नशिबाच्या खेळाला ‘डेमोग्राफिक स्टोकॅस्टिसिटी’ म्हणतात. मराठीत त्याला जन्म-मृत्यूतील योगायोग म्हणता येईल. यात सरासरी दर बदलत नाही. संख्या कमी असल्याने सरासरीवर विसंबता येत नाही, एवढेच.

संख्या वाढत असतानाही वंश संपू शकतो?

होय. हे समजण्यासाठी कागदावर सुटेल असे एक सोपे उदाहरण घेऊ. यातील आकडे केवळ समजण्यासाठी धरलेले आहेत, ते माळढोकचे मोजलेले दर नाहीत.

फक्त माद्या मोजू. दरवर्षी १०० माद्यांपैकी ९० जगतात. या १०० माद्या मिळून ८० अंडी घालतात, त्यांतील २४ पिल्ले मोठी होतात आणि त्यांपैकी निम्म्या, म्हणजे १२, माद्या असतात. ९० अधिक १२ म्हणजे १०२. समूह वर्षाला दोन टक्क्यांनी वाढतो आहे. सरकारी अहवालात ही समाधानाची बाब म्हणून नोंदली जाईल.

आता शंभर माद्यांऐवजी एकीकडे पाहू. वर्षअखेर तिच्या बाबतीत तीनच शक्यता उरतात. ती मरते आणि मागे मुलगीही उरत नाही, म्हणजे वंश तुटतो. ही शक्यता ८.८ टक्के आहे. ती जगते आणि तिची मुलगीही मोठी होते, म्हणजे एकीच्या दोन होतात. ही शक्यता १०.८ टक्के. उरलेल्या ८०.४ टक्के वेळा एकीची एकच राहते.

म्हणजे दरवर्षी एक पाऊल पुढे, एक पाऊल मागे किंवा जागच्या जागी, असा हा खेळ आहे. पुढे जाण्याची शक्यता मागे जाण्यापेक्षा किंचित जास्त आहे. पण मागे शून्य आहे आणि शून्यावरून परत येता येत नाही. अशा खेळात एका मादीचा वंश कधी ना कधी संपण्याची शक्यता काढायची रीत सोपी आहे. मागे जाण्याच्या शक्यतेला पुढे जाण्याच्या शक्यतेने भागायचे. ८.८ भागिले १०.८ म्हणजे सुमारे ८१ टक्के. वाढत्या समूहातील एका मादीचा वंशही बहुतेक वेळा संपतोच.

माद्या जास्त असतील तर समूह संपण्यासाठी सगळ्यांचेच वंश तुटावे लागतात. त्यामुळे ही शक्यता माद्यांच्या संख्येइतक्या वेळा स्वतःशीच गुणायची. पाच माद्या असतील तर समूह संपण्याची शक्यता ३६ टक्के येते. दहा असतील तर १३ टक्के. वीस असतील तर पावणेदोन टक्क्यांच्या आत. तेवीस माद्या झाल्या की ती एक टक्क्याखाली उतरते.

किमान टिकाऊ संख्या म्हणजे हाच आकडा का?

तत्त्व हेच आहे. ‘मिनिमम व्हायेबल पॉप्युलेशन’ म्हणजे किमान टिकाऊ संख्या. समूह ठरावीक काळ, ठरावीक खात्रीने तगण्यासाठी लागणारी सर्वात लहान संख्या, अशी तिची व्याख्या करता येते. अमेरिकेतील यलोस्टोनच्या ग्रिझली अस्वलांवर काम करणारे मार्क शॅफर यांनी १९८१ मध्ये ही कल्पना नेमकेपणाने मांडली. त्यांनी कसोटी धरली ती हजार वर्षे तगण्याची ९९ टक्के शक्यता. ही कसोटी आपण तात्पुरती आणि मनाने ठरवलेली आहे, हेही त्यांनी सांगितले होते. शंभर वर्षे आणि ९५ टक्के, अशा सौम्य कसोट्याही वापरल्या जातात. कसोटी बदलली की उत्तर बदलते. त्यामुळे कोणी किमान संख्या सांगितली तर पहिला प्रश्न विचारावा, किती वर्षांसाठी आणि किती खात्रीने?

आपल्या उदाहरणात ९९ टक्के खात्रीसाठी २३ माद्या लागल्या. आता त्यात एकच बदल करू. शंभर माद्यांमागे वर्षाला दहाऐवजी अकरा मरतात, एवढाच. जगण्याचे प्रमाण ९० वरून ८९ टक्के झाले. समूह अजूनही वर्षाला एक टक्क्याने वाढतोच आहे. पण वंश तुटण्याची शक्यता आता ९.६८ टक्के आणि दुप्पट होण्याची १०.६८ टक्के झाली. भागाकार सुमारे ९०.६ टक्के. दहा माद्यांचा समूह संपण्याची शक्यता १३ वरून ३७ टक्क्यांवर गेली. आणि ९९ टक्के खात्रीसाठी आता २३ नव्हे, ४७ माद्या लागतील. शंभरामागे एक मृत्यू वाढला आणि किमान संख्या दुप्पट झाली.

आणखी एक मृत्यू वाढवला, म्हणजे शंभरामागे बारा, तर जन्म आणि मृत्यू बरोबरीत येतात. मागे आणि पुढे जाण्याची शक्यता सारखी, १०.५६ टक्के. भागाकार एक. म्हणजे सुरुवातीला माद्या कितीही असोत, योगायोगाने समूह कधी ना कधी संपणारच. अशा वेळी किमान टिकाऊ संख्या नावाचा आकडाच उरत नाही.

या तीन उत्तरांत पक्षी तोच होता, माळ तोच होता. फक्त मृत्युदर बदलला. म्हणून किमान टिकाऊ संख्या ही माळढोकच्या उंचीसारखी किंवा वजनासारखी त्या जातीला चिकटलेली गोष्ट नाही. आज तो ज्या परिस्थितीत जगतो, त्या परिस्थितीचा तो आकडा आहे.

विजेच्या तारांवर इतका वाद का?

आता थरमध्ये जाऊ. १२८ पक्ष्यांपैकी निम्म्या माद्या धरल्या तर त्या ६४ होतात. वर्षाला एक जास्तीची मादी मेली, तर मृत्युदर सुमारे दीड टक्क्याने वाढला. दोन टक्क्यांनी वाढणारा समूह अर्ध्या टक्क्यावर येतो. दोन माद्या मेल्या तर तो घटू लागतो. वर्षभरात दोन पक्षी ही बातमीच्या दृष्टीने किरकोळ संख्या आहे. या समूहाच्या दृष्टीने वाढ आणि ऱ्हास यांतील अंतर तेवढेच आहे.

माळढोक जड आहे. त्यामुळे उडताना अचानक दिशा बदलणे त्याला अवघड जाते. समोरच्या बाजूचे त्याला कमी दिसते, कारण डोळे डोक्याच्या बाजूंना आहेत आणि जमिनीकडे पाहत उडण्याची सवय आहे. राजस्थान आणि कच्छ हा नेमका सौर आणि पवन ऊर्जेचा पट्टा आहे. त्यामुळे उच्च दाबाच्या तारांना धडकून होणारे प्रौढ पक्ष्यांचे मृत्यू हा तेथील मोठा धोका मानला जातो.

१९ एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माळढोकच्या क्षेत्रातील तारा शक्य तेथे जमिनीखालून नेण्याचा आणि इतर ठिकाणी त्यांना पक्ष्यांना दिसतील असे परावर्तक लावण्याचा आदेश दिला. त्यात सुमारे ९९ हजार चौरस किलोमीटरचा प्रदेश येत होता. खर्च, तांत्रिक अडचणी आणि अक्षय ऊर्जेचे उद्दिष्ट ही कारणे केंद्र सरकारने मांडली. २१ मार्च २०२४ रोजी न्यायालयाने हा सरसकट निर्बंध मागे घेतला आणि कोठे काय करावे हे ठरवण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली.

या वादात ‘तारांमुळे वर्षाला मोजकेच पक्षी मरतात’ हा युक्तिवाद ऐकू येतो. वरचा हिशेब त्याला उत्तर देतो. आपल्या उदाहरणात मोठी होणारी एक मादी मिळण्यासाठी जवळपास सात अंडी लागत होती, कारण ८० अंड्यांतून १२ माद्या तयार झाल्या. म्हणजे तारेला धडकलेल्या एका प्रौढ मादीची भरपाई करायला सात जादा अंडी लागतील. त्यातही नवी मादी वीण करायला लागेपर्यंत जाणारी वर्षे आपण हिशेबात धरलेली नाहीत. दीर्घायुषी, कमी पिल्ले देणाऱ्या प्राण्यांच्या पीव्हीएमध्ये प्रौढांचा मृत्युदर हाच सर्वात नाजूक आकडा ठरतो, तो यामुळे.

खऱ्या विश्लेषणात आणखी काय धरतात?

आपले उदाहरण मुद्दाम सौम्य ठेवले होते. त्यात सगळी वर्षे सारखी होती. प्रत्यक्षात एका वर्षी पाऊस पडत नाही, गवत वाढत नाही, टोळ आणि नाकतोडे कमी होतात आणि बहुतेक माद्यांची वीण एकाच वेळी फसते. याला पर्यावरणीय योगायोग म्हणतात. जन्म-मृत्यूतील योगायोगात एक पक्षी मेला म्हणून दुसरा मरत नाही, त्यामुळे संख्या वाढली की त्याचा परिणाम विरतो. वाईट वर्ष मात्र सगळ्यांना एकदम गाठते. हजार पक्षी असले तरी ते सगळेच त्या दुष्काळात असतात. म्हणून वाईट वर्षे धरली की किमान संख्या दहा-वीसवरून शेकड्यांत किंवा हजारांत जाते.

इतिहासात याचे ठळक उदाहरण अमेरिकेतले आहे. मॅसॅच्युसेट्स किनाऱ्याजवळच्या मार्थाज व्हिनयार्ड या बेटावर ‘हीथ हेन’ नावाच्या माळरानी कोंबड्यांचा शेवटचा समूह राहिला होता. संरक्षण मिळाल्यावर तो वाढून १९१६ पर्यंत सुमारे दोन हजारांवर गेला. त्या वर्षी विणीच्या हंगामात वणवा लागला. पाठोपाठ कडक हिवाळा आणि शिकारी पक्षी आले, पुढे रोगही आला. १९२७ पर्यंत १३ पक्षी उरले होते आणि त्यांत फक्त दोन माद्या होत्या. मोठ्या आपत्तीने समूह लहान केला आणि शेवटचा घाव लिंगांच्या विषम प्रमाणाने घातला. १९३२ मध्ये शेवटचा नर दिसला. दोन हजार ही लहान संख्या नव्हती, पण ते सर्व एकाच बेटावर होते.

तिसरी गोष्ट आनुवंशिकतेची. माळढोकमध्ये थोडेच प्रबळ नर बहुतेक माद्यांशी जुगतात. समजा, ५० माद्या आहेत आणि ५० नरांपैकी प्रत्यक्षात पाचच नर पिल्लांचे बाप होतात. पाहणारा १०० पक्षी मोजेल. आनुवंशिक दृष्टीने मात्र तो समूह सुमारे १८ पक्ष्यांच्या समूहाइतकाच वैविध्यपूर्ण असतो. याला ‘परिणामी संख्या’ म्हणतात. १९८०च्या सुमारास मांडलेला आणि आजही सांगितला जाणारा ‘५०-५००’चा नियम याच परिणामी संख्येबद्दल आहे. जवळच्या नात्यांतील विणीचे तातडीचे दुष्परिणाम टाळायला ५० आणि दीर्घकाळ वैविध्य राखायला ५००, असा तो ठोकताळा आहे. तो माळावर मोजलेल्या पक्ष्यांना लावला तर मोठी चूक होते. पुढे काही शास्त्रज्ञांनी हे आकडे दुप्पट करायला सुचवले, तर काहींनी सर्व जातींना लागू पडेल असा जादूचा आकडा नसतोच, असे दाखवून दिले.

हे सगळे एकत्र आले की कागदावरचे सूत्र पुरत नाही. मग संगणकावर ‘व्होर्टेक्स’सारखी प्रणाली वापरतात. तिच्यात प्रत्येक पक्षी स्वतंत्र धरला जातो. दरवर्षी त्याच्यासाठी जणू फासे टाकले जातात. जगला का, वीण झाली का, पिल्लू नर की मादी, पाऊस कसा होता? अशी शंभर वर्षे पार केली की एक धाव पूर्ण होते. अशा हजार धावांपैकी १४० धावांत समूह शून्यावर गेला, तर नामशेष होण्याची शक्यता १४ टक्के मानतात.

या आकड्यावर विश्वास किती ठेवायचा?

संगणक दशांश चिन्हापुढचे आकडेही देतो, पण त्यावरून उत्तर तितके नेमके आहे असे होत नाही. अडचण मूळ माहितीत आहे. वर पाहिले की जगण्याचे प्रमाण ९० की ८९ टक्के, यावर किमान संख्या दुप्पट होते. हे प्रमाण एक टक्क्याच्या त्रुटीपर्यंत मोजायचे तर सुमारे ९०० ‘पक्षी-वर्षां’ची माहिती लागते. म्हणजे शंभर पक्ष्यांना ट्रान्समीटर लावून नऊ वर्षे मागोवा घ्यायचा. देशातील बहुतेक माळढोक पकडून टॅग लावावे लागतील! समूह जितका लहान, तितकी अचूक माहितीची गरज मोठी आणि ती मिळण्याची शक्यता कमी, असा हा पेच आहे.

मग पद्धत निरुपयोगी आहे का? २००० साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दीर्घकाळ मोजणी झालेले २१ प्राणिसमूह घेतले गेले. पहिल्या अर्ध्या काळातील माहितीवर पीव्हीए करून उरलेल्या अर्ध्या काळाचा अंदाज बांधला आणि तो प्रत्यक्षाशी ताडून पाहिला. अंदाज बरेच जवळ आले. त्यावर दुसऱ्या शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतला की इतकी चांगली माहिती असलेले समूह मोजकेच असतात आणि भविष्यातील परिस्थिती भूतकाळासारखीच राहील हे गृहीत धरता येत नाही. दोन्ही बाजूंत तथ्य आहे.

म्हणून अशा अहवालातील एकच टक्केवारी उचलू नये. काही गोष्टी तपासाव्यात. मृत्युदर आणि पिल्ले मोठी होण्याचे प्रमाण याच समूहातून मोजले आहे की दुसऱ्या जातीवरून उसने घेतले आहे? हे आकडे थोडे वर-खाली केल्यावर उत्तर किती हलते? वाईट वर्षे धरली आहेत का? आणि हेच गणित वीस वर्षे मागे नेऊन चालवले, तर प्रत्यक्षात झालेली घट त्यातून दिसते का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नाही असेल, तर भविष्याबद्दलचे उत्तरही संशयास्पद आहे.

पीव्हीएचा खरा उपयोग तुलनेत होतो. माळढोक ४२ वर्षांत संपेल, असे ते खात्रीने सांगू शकत नाही. पण तारा भूमिगत करणे, घरट्यांभोवती कुंपण घालणे आणि भटकी कुत्री हटवणे यांपैकी कशाने धोका जास्त घटतो, हा क्रम ते बऱ्यापैकी विश्वासाने लावू शकते. मूळ आकड्यात चूक असली तरी ती तिन्ही पर्यायांत सारखीच असते.

मग सध्या चाललेले प्रजनन केंद्र यात कोठे बसते?

जैसलमेर जिल्ह्यात २०१९ पासून माळावरची अंडी उचलून कृत्रिम उबवणीने पिल्ले वाढवण्याचा कार्यक्रम सुरू आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये तेथे कृत्रिम रेतनातून पहिले पिल्लू जन्मले. जी अंडी माळावर बहुतेक नष्ट झाली असती, त्यांतून पक्षी तयार होतात, म्हणजे सातास एक हे प्रमाण येथे सुधारते. दुसरा समूह वेगळ्या ठिकाणी असल्याने एका वाईट वर्षात सगळे संपण्याचा धोकाही घटतो. हीथ हेनकडे हीच सोय नव्हती.

पण या पक्ष्यांना कधी तरी माळावर सोडायचे आहे. त्या माळावर शंभरामागे बारा माद्या मरत असतील, तर केंद्रातून कितीही सोडल्या तरी तो समूह स्वतःच्या बळावर टिकणार नाही. पुरवठा थांबला की घसरण पुन्हा सुरू होईल. तेथे मृत्यू शंभरामागे दहापर्यंत खाली आले, तर आपल्या उदाहरणातील हिशेबाने काही डझन माद्यांपासूनही समूह उभा राहू शकतो. वाईट वर्षांची जोड दिल्यावर हा आकडा वाढेल, पण आकडा असेल. म्हणून माळढोक किती वाढले हे विचारताना, गेल्या वर्षी किती प्रौढ माद्या मेल्या, हेही विचारायला हवे.